रेषा बसवल्यानंतरचे काम: रिग्रेशनच्या एका प्रॅक्टिकलचा माझा अनुभव

संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी मी R मधली cars ही माहिती निवडली. १९२०च्या दशकात नोंदवलेल्या या ५० निरीक्षणांमध्ये मोटारीचा वेग ताशी मैलांत आणि ती थांबायला लागलेले अंतर फुटांत दिले आहे. वेगावरून अंतराचा अंदाज बांधायचा, एवढेच काम होते.

रेषा मी आधी हाताने काढली. सरासरी वेग १५.४ आणि सरासरी अंतर ४२.९८ आले. वेगाच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १३७०, तर वेग आणि अंतर यांच्या विचलनांच्या गुणाकारांची बेरीज ५३८७.४ आली. दुसरीला पहिलीने भागले की ३.९३ हा उतार मिळतो, आणि रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जात असल्यामुळे अंतःखंड उणे १७.५८ येतो. आर-स्क्वेअर ०.६५ होता आणि उताराचे टी-मूल्य ९.४६. बहुतेक जर्नले इथेच संपतात, पण मला खरे काम इथून पुढे सुरू होते असे वाटते.

लघुतम वर्ग पद्धतीचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते. रेषेत अंतःखंड असला की रेसिड्युअलांची, म्हणजे प्रत्यक्ष आणि अंदाजित अंतरांतील फरकांची, बेरीज नेहमी शून्यच येते आणि त्यांचा वेगाशी सहसंबंधही शून्यच असतो. माहिती कितीही वाकडी असली तरी हे घडते, कारण उतार आणि अंतःखंड काढण्याची समीकरणेच तशी मांडलेली असतात. त्यामुळे बेरीज आणि सहसंबंध दोन्ही शून्य आले यावरून आकडेमोड बरोबर आहे एवढेच कळते. गृहीतके पाळली गेली की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आलेख काढावा लागतो:

```r
m <- lm(dist ~ speed, data = cars)
plot(fitted(m), resid(m))
abline(h = 0)
```

या आलेखात दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे बिंदूंना किंचित बाक होता. ताशी ४ मैलांचे दोन्ही बिंदू रेषेच्या वर होते, २० मैलांच्या पाचपैकी चार खाली होते आणि २४ मैलांच्या चारपैकी तीन पुन्हा वर होते. ४ मैलांसाठी तर रेषेने उणे १.८५ फूट अंतर सांगितले, जे शक्यच नाही. याचे कारण भौतिकशास्त्रात आहे: चालकाची प्रतिक्रिया होईपर्यंत कापलेले अंतर वेगाच्या प्रमाणात वाढते, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. वेग १० मैलांपर्यंत असताना एकही रेसिड्युअल १३ फुटांपलीकडे जात नाही. मात्र पुढे १४ आणि २४ मैलांवरची एकेक नोंद रेषेच्या ४२ फुटांहूनही अधिक वर आहे. म्हणजे बिंदूंचा पसारा वेगाबरोबर वाढतो, तर आपली सूत्रे तो सर्वत्र सारखाच, सुमारे १५.४ फूट, धरून चालतात. याचा फटका उतारापेक्षा अंदाजाच्या मर्यादांना बसतो. ५ मैलांसाठी ९५ टक्क्यांची मर्यादा उणे ३० ते ३४ फूट आली, म्हणजे विनाकारण रुंद. २४ मैलांसाठी ती ४५ ते १०९ आली आणि प्रत्यक्ष नोंदलेले १२० फूट तिच्या बाहेर राहिले.

प्रसामान्यतेबाबत अनेक जण अंतराच्या मूळ आकड्यांचाच हिस्टोग्राम काढून निष्कर्ष लिहितात. गृहीतक मात्र त्रुटींविषयी आहे, म्हणून पाहायचे ते रेसिड्युअल. त्यांच्यावर शापिरो-विल्क चाचणी घेतली तेव्हा पी-मूल्य ०.०२१५ आले, आणि क्यू-क्यू आलेखात वरच्या टोकाचे मोजके बिंदू रेषा सोडून गेलेले दिसले.

यावर उपाय म्हणून मी अंतराचे वर्गमूळ घेऊन रेषा पुन्हा बसवली. उतार ०.३२२ आणि अंतःखंड १.२७७ आला. आर-स्क्वेअर ०.७१ झाला, पण दोन प्रतिमानांतले चल वेगवेगळे असल्याने या वाढीला मी महत्त्व देत नाही. महत्त्व मर्यादांना आहे: वर्ग करून पुन्हा फुटांत आणल्यावर ५ मैलांसाठी त्या ०.३ ते २७ आणि २४ मैलांसाठी ४५ ते १२८ आल्या, म्हणजे १२० फुटांची नोंदही आत बसली. असा वर्ग करून मिळणारा मधला आकडा सरासरी अंतराचा नसून मध्यकाचा अंदाज असतो, हे अहवालात स्पष्ट लिहावे लागते.

त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत का, हे मात्र या माहितीवरून तपासता येत नाही. नोंदी वेगाच्या चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत. त्या कोणत्या क्रमाने घेतल्या आणि कोणत्या नोंदी एकाच गाडीच्या वा चालकाच्या आहेत हे तक्त्यात नाही. म्हणून प्रमाणत्रुटी देताना, नोंदी स्वतंत्र असल्याचे गृहीत धरले आहे आणि ते पडताळलेले नाही, असे वाक्य मी तिच्याखालीच लिहिले.