पायडल दाबलं तरी झाकण उठत नाही: डब्याची सळई आणि बिजागरी दुरुस्त करताना

कचऱ्याचा डबा साधा, स्वयंपाकघरात असतो तसा. बाहेरून स्टीलचा, आत प्लास्टिकची बादली, क्षमता १२ लिटर. आधी झाकण पाऊणच उघडायला लागलं, मग अर्धं, आणि शेवटी पायडल नुसतंच खटकन खाली जायचं, झाकण जागचं हलायचं नाही. असा डबा बहुतेक घरांतून थेट भंगारात जातो. त्यात बिघडतं ते मात्र फार थोडं असतं, आणि तेवढं हाताने दुरुस्त होतं.

आतली बादली काढून डबा आडवा केला की सगळी रचना दिसते. तळाशी लोखंडी पट्टी असते, तिचं पुढचं टोक म्हणजे पायडल. पट्टी मधे कुठेतरी एका खिळीवर टेकलेली असते, त्यामुळे पुढचं टोक खाली गेलं की मागचं वर येतं. मागच्या टोकाला वर वळवलेला एक कान असतो आणि त्याच्या भोकात उभ्या सळईचं खालचं टोक अडकवलेलं असतं. सळई डब्याच्या पाठीला लागून वर जाते आणि झाकणाच्या कानाला ढकलते. हा कान बिजागरीच्या खिळीपासून जेमतेम १२ मिमी पुढे असतो. तळाची पट्टी म्हणजे लहान मुलांच्या सी-सॉसारखाच प्रकार.

काही उघडण्याआधी तीन गोष्टी हाताने तपासल्या. पहिली, झाकण बोटाने उचलून पाहिलं. ते उठलं, पण शेवटी कुरकुरलं आणि डावी-उजवीकडे हललं, म्हणजे बिजागरी झिजलेली. दुसरी, झाकण हाताने धरून पायडल दाबलं. झाकणाला खालून काहीच धक्का जाणवला नाही, म्हणजे सळई सुटलेली. तिसरी, डबा आडवाच ठेवून पट्टी मधल्या खिळीजवळ धरून वर-खाली हलवली. तिथे सव्वा मिलिमीटरभर खेळ होता. फक्त सळई सुटली असती तर पुन्हा अडकवून काम झालं असतं. पण ती का सुटली हे शोधलं नाही तर पंधरा दिवसांत पुन्हा सुटते.

सळई बाहेर काढून सपाट फरशीवर ठेवली. साडेतीनशे मिलिमीटर लांबीची, ३ मिमी जाडीची लोखंडी सळई मधोमध जवळजवळ २० मिमी धनुष्यासारखी वाकली होती. एवढ्या वाकाने दोन टोकांमधलं अंतर साधारण ३ मिमी कमी होतं. पट्टीच्या कानातलं गोल भोक खालच्या बाजूला झिजून लांबट झालं होतं, तिथे ४ मिमी गेले. झीज खालीच होते, कारण झाकणाचं सगळं वजन सळईमार्फत भोकाच्या खालच्या कडेवर येतं. मधल्या खिळीचा सव्वा मिलिमीटर खेळ मागच्या टोकाला पोचेपर्यंत २ मिमी होतो. एकूण ९ मिमी हरवले.

९ मिमी ऐकायला किरकोळ वाटतात, पण या डब्यात सगळा व्यवहारच मिलिमीटरांचा आहे. पायडलपासून मधल्या खिळीपर्यंत १२० मिमी आणि तिथून मागच्या कानापर्यंत ८५ मिमी. पायडल २४ मिमी दबलं की मागचं टोक १७ मिमी उठतं. झाकण ७५ अंश उघडायला सळई साडेचौदा मिलिमीटर वर जावी लागते. म्हणजे शिल्लक फक्त अडीच मिलिमीटर. त्यापुढे हरवलेला प्रत्येक मिलिमीटर झाकणाचे पाच-सहा अंश खातो. माझ्या डब्यात सळईला वर जायला ८ मिमीच उरले होते आणि तेवढ्यात झाकण ४० अंशांवर थांबतं. झाकण अर्धंच का उघडायचं याचं उत्तर तिथे मिळालं. शेवटी सळईचं वळवलेलं टोक त्या झिजलेल्या भोकातून निसटलं.

सळई वाकली कशी हेही पाहिलं पाहिजे. डबा सिंकखाली ठेवलेला होता आणि वरची फळी जमिनीपासून ६० सेंमीवर होती. डबा ४० सेंमी उंच आणि झाकण २५ सेंमी रुंद, त्यामुळे पन्नासएक अंशांवर झाकण फळीला टेकायचं. पाय मात्र तिथे थांबत नाही. पायाने १० किलोचा जोर दिला तर सळईवर १४ किलो येतात. ३ मिमीची, इतक्या लांबीची सळई साधारण साडेसहा किलोंना मधून वाकते. नेहमीचं झाकण उचलायला तिला तीनेक किलो पेलावे लागतात, तेवढं ती आरामात पेलते. म्हणजे सळईची जाडी चुकीची नव्हती, डब्याची जागा चुकीची होती.

वाकलेली सळई हातोडीने सरळ करून पुन्हा लावायचा मोह होतो. तसं करू नये. वाक पूर्ण जात नाही, आणि किंचित जरी उरला तरी पुढच्या वेळी ती आणखी कमी जोरात तिथेच वाकते. सायकलची आरी लावण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो, कारण तिचं एक टोक आधीच वळवलेलं असतं. पण आरी २ मिमीची असते आणि एवढ्या लांबीला सव्वा किलोतच झुकते. ओढायच्या कामाला आरी उत्तम, ढकलायच्या कामाला नाही.

मी वेल्डिंगचं सामान मिळतं त्या दुकानातून स्टेनलेसची ३.१५ मिमी जाडीची फिलर सळई आणली. ती मीटरभर लांब असते, म्हणजे एकीत दोन डबे होतात, आणि कचऱ्याच्या पाण्याने गंजत नाही.

पट्टीच्या झिजलेल्या भोकात वेल्डिंग करून घ्यायची गरज नाही. कान १८ मिमी रुंद होता, म्हणून जुन्या भोकाच्या ८ मिमी मागे, त्याच उंचीवर, साडेतीन मिलिमीटरचं नवं भोक पाडलं. भोक मागे सरकल्याने उचल १७ वरून साडेअठरा मिलिमीटर होते आणि पायाला जोर थोडा जास्त लागतो, हा बदल फायद्याचाच आहे. भोक पुढे घेतलं असतं तर उचल घटली असती. ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड धारदार राहते आणि तीच सळईला कातते, म्हणून दोन्ही बाजूंनी बारीक कानशीने कड मोडली.

आता मुख्य काम, सळईची लांबी. ती मोजपट्टीने मोजून कापली तर हमखास चुकते. आधी फक्त खालचं टोक वळवावं. सळई वाइसमध्ये धरली, १५ मिमी बाहेर ठेवली आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी काटकोनात वळवली. पक्कडीने वळवलं तर कोपरा गोल येतो आणि टोक भोकात पुरतं बसत नाही. मग डबा सरळ उभा केला, सळई खालच्या कानात घातली आणि पट्टीच्या मागच्या टोकाखाली २ मिमी जाडीचा पुठ्ठा सरकवला. झाकण पूर्ण बंद केलं आणि झाकणाच्या कानातलं भोक सळईवर जिथे येतं तिथे मार्करने खूण केली. वरचं वळण त्या खुणेवर.

पुठ्ठ्याचं कारण असं. सळई जरा जास्त लांब झाली तर पट्टीचं मागचं टोक झाकण मिटण्याआधीच जमिनीला टेकतं, झाकण बोटभर उघडं राहतं आणि चिलटं आत जातात. पुठ्ठा काढल्यावर टोकाखाली २ मिमी मोकळे राहतात आणि झाकण स्वतःच्या वजनाने पूर्ण बसतं.

सळईची टोकं कानातून निसटू नयेत म्हणून वायरिंगच्या कनेक्टर पट्टीतले पितळी तुकडे वापरले. प्लास्टिक कापून पितळी नळी बाहेर काढायची, सळईच्या बाहेर आलेल्या टोकावर सरकवायची आणि तिचे दोन छोटे स्क्रू आवळायचे. कान आणि नळी यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली. नळी घट्ट भिडवली तर सळई भोकात फिरत नाही आणि झाकण अडखळत उठतं.

बिजागरीची ३ मिमीची खीळ गंजून मधेच बारीक झाली होती आणि भोकं लंबगोल झाली होती. अशा भोकात नवी ३ मिमीची खीळ घालून उपयोग नाही, खेळ तसाच राहतो. भोकाभोवती चांगली जागा शिल्लक होती, म्हणून दोन्ही भोकं एका रेषेत ४ मिमीची करून घेतली. त्यासाठी झाकण जागेवर ठेवून, एकाच फेरीत ड्रिल आरपार नेलं. वेगवेगळी पाडलेली भोकं तिरकी येतात आणि झाकण एका बाजूला कलतं. खीळ म्हणून ४ मिमीचा असा बोल्ट घेतला ज्याचे आटे फक्त टोकाला आहेत. पूर्ण आट्यांचा बोल्ट भोक कानशीसारखं घासत राहतो. पुढे नायलॉन रिंगचा नट, झाकण सैल पडेल इतकाच आवळलेला. तळाच्या खिळीलाही हाच उपाय केला.

वंगण म्हणून बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब आणि खालच्या कानात चिमूटभर ग्रीस लावलं. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये, ते चिकट होऊन धूळ धरतं आणि झुरळं येतात.

जोडणी झाल्यावर पायडल वीसेक वेळा दाबून पाहिलं. झाकण ७५ अंशांच्या आसपास थांबलं आणि सोडल्यावर पूर्ण मिटलं. झाकण ९० अंशांच्या पुढे गेलं असतं तर ते तसंच उघडं राहिलं असतं. तेव्हा सळईला हात न लावता पायडलखाली रबराचा तुकडा चिकटवून त्याचा प्रवास कमी करावा.

पूर्ण प्लास्टिकच्या डब्यात मात्र झाकणाचा कानच तुटलेला असेल तर ही पद्धत चालत नाही. ते प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि त्याला झटपट चिकटणारा गोंद किंवा एपॉक्सी नीट धरत नाही. तिथे झाकणाला आतून स्टीलची छोटी पट्टी दोन स्क्रूंनी बसवून तिच्यात नवं भोक काढावं लागतं.

डबा आता सिंकखालून काढून ओट्याच्या मोकळ्या बाजूला ठेवला आहे. पिशवी गळते तेव्हा पाणी तळाच्या पट्टीवरच साचतं, म्हणून बादली धुताना महिन्यातून एकदा डबा आडवा करून ती पट्टी कोरड्या फडक्याने पुसते आणि सळई बोटाने हलवून पाहते. वर-खाली एक मिलिमीटरपर्यंतचा खेळ चालतो, त्याहून जास्त लागला की आधी खालचं भोक तपासायचं.