ओट्यामागची भिंत आणि आमचे दुकान: आमची वाटचाल

वडिलांनी कोल्हापुरात दुकान सुरू केले तेव्हा आमचा मुख्य माल शहाबादी फरशी आणि ओट्यासाठी लागणारा काळा कडप्पा हा होता. ओट्यामागच्या भिंतीला, म्हणजे आमच्या व्यवसायात जिला डॅडो म्हणतात तिला, पांढऱ्या चौकोनी ग्लेझ टाइल्स लागत आणि ग्राहकाला निवडण्याजोगे त्यात फारसे काही नसे. मोरबीहून डिजिटल छपाईच्या टाइल्स येऊ लागल्या आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत दुकानाच्या भिंती नमुन्यांनी भरून गेल्या. दगडाचा पोत, लाकडाचा पोत, उठावाची नक्षी, मॅट, साटिन असे सगळे एकदम आले. लोक रंग पाहून टाइल्स नेऊ लागले आणि वर्षभराने त्यांतले काही जण एकच तक्रार घेऊन परत येऊ लागले, की फोडणीचे डाग काही केल्या निघत नाहीत. डॅडोची टाइल निवडून देणे हे वेगळे काम आहे, असे आम्ही तेव्हापासून मानतो.

या भिंतीवर नेमके काय घडते, ते आधी पाहावे लागते. कढईतून उडालेले तेल तापलेल्या भिंतीवर पातळ थर होऊन बसते. ताजे असताना ते साबणाच्या ओल्या फडक्याने सहज निघते, परंतु उष्णता आणि हवा यांच्या संपर्कात राहिल्यास ते आधी चिकट होते आणि पुढे वार्निशासारखे घट्ट होते. सूर्यफूल, करडई आणि सोयाबीन ही तेले शेंगदाणा तेलापेक्षा लवकर अशी घट्ट होतात. त्यात आमच्याकडच्या स्वयंपाकात हळद आणि लाल तिखट असतेच, म्हणजे नुसते तेल नव्हे तर रंग मुरलेले तेल भिंतीवर जाते. त्यामुळे टाइलला तेल लागणार की नाही, हा प्रश्नच नसतो. लागलेले तेल ती धरून ठेवते की सोडते, एवढेच पाहायचे असते.

चकचकीत ग्लेझची साधी सिरॅमिक टाइल येथे सर्वांत चांगली ठरते, असे आमचे ठाम मत आहे. पुष्कळ ग्राहक व्हिट्रिफाइड टाइल मागतात, कारण ती पाणी जवळजवळ शोषत नाही असे त्यांनी ऐकलेले असते. ते खरे आहे. व्हिट्रिफाइडची शोषणक्षमता अर्ध्या टक्क्याहून कमी असते आणि भिंतीच्या सिरॅमिकची दहा टक्क्यांहून जास्त. परंतु ही शोषणक्षमता टाइलच्या मातीच्या अंगाची असते, आणि तेल त्या अंगापर्यंत पोहोचतच नाही. ते वरच्या काचेसारख्या ग्लेझवरच थांबते. उलट पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइलमध्ये पॉलिशच्या वेळी घासल्यामुळे बारीक छिद्रे उघडी पडतात. कारखान्यात ती एका थराने बुजवलेली असतात, पण तीव्र क्लीनरने हा थर झिजला की हळदीला तेथे जागा मिळते. मॅट टाइल हाताला गुळगुळीत लागली तरी तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चढउतार असतात. फडके उंचवट्यांवरून फिरते आणि तेल खळग्यांत राहते. उठावाच्या नक्षीबद्दल तर वेगळे सांगायलाच नको.

हे तोंडी पटवण्यापेक्षा आम्ही दुकानातच दाखवतो. निवडलेल्या नमुन्यावर साध्या पेन्सिलीने रेघ ओढायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. चकचकीत ग्लेझवरची रेघ एका हातासरशी जाते, मॅटवर तिची करडी सावली उरते. दुसरी परीक्षा घरी करण्याची आहे: चमचाभर गरम तेलात हळद आणि तिखट कालवून ते नमुन्यावर पसरावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी भांडी घासण्याच्या साबणाने पुसून पाहावे. डाग बारीक ठिपक्यांच्या रूपात उरला तर ग्लेझमध्ये छिद्रे आहेत, आणि केसासारख्या रेषांच्या जाळीत उरला तर ग्लेझ तडकलेले आहे. अशा टाइलचा रंग कितीही आवडला तरी ती शेगडीमागे लावू नये.

मात्र टाइल उत्तम असूनही भिंत खराब दिसू शकते, आणि त्याचे कारण सांध्यांत असते. मंगळवार पेठेत खानावळ चालवणाऱ्या एका बाईंना शेगडीमागे चार इंची रंगीत टाइल्स हव्या होत्या. त्यांचा ओटा दहा फूट लांब आणि वरच्या कपाटापर्यंतची भिंत दोन फूट उंच होती. आम्ही त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. चार इंची टाइलला उभे सांधे 29, प्रत्येकी दोन फुटांचे, म्हणजे 58 फूट. आडवे पाच, प्रत्येकी दहा फुटांचे, म्हणजे 50 फूट. एकूण 108 फूट सांधा. त्याच भिंतीला एक फूट बाय दोन फुटांची टाइल उभी लावली तर फक्त नऊ उभे सांधे, म्हणजे 18 फूट. हीच टाइल आडवी लावली तरी बेरीज 18 फूटच येते, पण त्यातला दहा फुटांचा आडवा सांधा ओट्यापासून बरोबर एक फुटावर येतो, जेथे कढईतले तेल सर्वांत जास्त उडते. त्यांनी उभी मांडणी घेतली. मिस्त्रींना आम्ही कोपऱ्यापासून सुरुवात न करता शेगडीच्या मध्यावर टाइलचा मध्य ठेवायला सांगितले, म्हणजे सांधा बर्नरच्या थेट मागे येत नाही. त्यामुळे दोन्ही टोकांना कापलेले तुकडे आले आणि एक सांधा वाढला, पण ते टोकाला असल्याने बाधत नाही.

सांधा भरायचा कशाने, यावर आम्ही कधी तडजोड करत नाही. सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते, ते तेल पिते. शिवाय हळदीला चुना लागला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सिमेंटही क्षारधर्मीच असते, म्हणून सांध्यात शिरलेली हळद पिवळी न राहता तांबूस होते. पुढे हा सांधा साफ करायला कोणी अ‍ॅसिड वापरले तर सिमेंटच खाल्ले जाते आणि भेगा वाढतात. इपॉक्सी ग्राउट तेल शोषत नाही. ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरेच महाग पडते, परंतु 18-20 फूट सांध्याला लागते किती! मात्र त्यासाठी दोन मिलिमीटरचे स्पेसर घालून सांधा मोकळा ठेवावा लागतो. टाइलला टाइल भिडवून लावली तर इपॉक्सी आत जातच नाही. मिश्रण थोडे थोडेच कालवावे, कारण अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट होऊ लागते, आणि टाइलवर पसरलेला त्याचा धुरकट थर तेवढ्यातच ओल्या स्पंजने पुसावा लागतो. पांढरे इपॉक्सी उन्हाने पिवळट पडते, म्हणून आम्ही फिकट करडा रंग सुचवतो. ओटा आणि टाइल यांच्यामधल्या सांध्यात मात्र इपॉक्सीही नको, तेथे सिलिकॉन सीलंट भरावे, कारण दगड आणि भिंत यांची हालचाल वेगवेगळी असते आणि कडक सांधा तेथे तडकतो.

रंगाबाबत आम्ही फार आग्रह धरत नाही. गडद चकचकीत टाइलवर तेलाचे शिंतोडे आणि पाण्याचे क्षार जास्त दिसतात, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

खानावळीच्या बाई शेगड्या बंद झाल्यावर भिंत कोमट असतानाच साबणाच्या फडक्याने पुसून घेतात, आणि आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने. आता डॅडोचा माल देताना आम्ही त्याच बॅचच्या दोन टाइल्स जास्त देतो आणि पेटीवरचा शेड क्रमांक बिलावर लिहितो, कारण नळाच्या कामासाठी एखादी टाइल फोडावी लागली तर नंतरच्या बॅचमध्ये तोच रंग मिळेलच, असे नसते.