कमाटीबागेत हरवलेली लाल रेघ

बाहेरगावच्या पाहुण्यांना जुनं बडोदं पायी फिरून बघता यावं म्हणून आमच्या मंडळानं ए-फोर कागदावर एक नकाशा छापायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. वाट सोपी होती. मांडवीहून लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, सूरसागर, तांबेकर वाडा, कीर्तिमंदिर, काळा घोडा आणि शेवटी कमाटीबाग. बाग गर्द हिरवी, वाट ठसठशीत लाल. मला तो नकाशा फार आवडला होता.

भाच्याला दाखवला तर तो म्हणाला, "मावशी, वाट काळ्या घोड्यापाशी संपते का?" मला वाटलं त्यानं नीट पाहिलंच नाही. पण बागेतली रेघ त्याला खरंच दिसत नव्हती. लाल-हिरव्यात त्याचा गोंधळ होतो हे घरात माहीत होतं, तरी नकाशा करताना मला ते आठवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. असा दोष पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बराच जास्त आढळतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते एकच असतं.

मी नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली, तेव्हा कारण कळलं. माझा लाल आणि माझा हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेचे निघाले. लाल-हिरवा हा भेद ज्याच्या डोळ्यांना पकडता येत नाही, त्याला फिकट आणि गडद हा फरक मात्र बराचसा आपल्यासारखाच कामी येतो, आणि नेमका तोच मी ठेवला नव्हता.

आधी बाग अगदी फिकट केली, नुसती हिरवट झाक राहील इतकी. वाट गडद निळी करून पाहिली. भाच्याला ती लगेच दिसली, पण शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही विश्वामित्री इकडून कधीपासून वाहायला लागली?" नकाशावर निळी रेघ म्हणजे पाणी, ही सवय मोडण्यात अर्थ नव्हता. शेवटी शेंदरी रंग घेतला, `#D55E00`. ओकाबे आणि इतो या जपानी संशोधकांनी रंगदोष असलेल्यांसाठी जे मोजके रंग सुचवले आहेत, त्यातला हा एक. त्याच्या दोन्ही कडांना पांढरी किनार दिली, बाकीचे रस्ते फिके करडे केले आणि थांब्यांवर काळ्या गोलात पांढरे आकडे टाकले. आता रंग अजिबात न कळणाऱ्यालाही आकड्यांमागून चालत जाता येईल. ज्यावर मी नकाशा केला त्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये `View` खाली `Preview Mode` आहे. त्यात रंगदोष असलेल्याला नकाशा साधारण कसा दिसेल ते बघता येतं. मी ते वापरलं, पण पसंतीचा शब्द भाच्याचाच घेतला.

नावांनी त्याहून जास्त दमवलं. पडद्यावर मोठं करून बघताना सहा पॉइंटची अक्षरंही वाचता येत होती. छापल्यावर 'न्यायमंदिर'मधला न्या आणि 'विश्वामित्री'मधला श्व शाईनं बुजले. आपल्या लिपीत मात्रा वर, उकार खाली आणि मधे जोडाक्षरं, त्यामुळे इंग्रजी नावाला पुरणारा आकार आपल्याला पुरत नाही. सगळ्यात लहान नाव आठ पॉइंट, थांब्यांची नावं अकरा आणि ठळक, असं ठरवलं. दुसरी चूक नदीच्या नावात होती. रोमन अक्षरं सुटी पसरून नदीभर नाव लिहायची रीत मी उचलली, तर शिरोरेघेचे तुकडे झाले आणि नाव सुट्या अक्षरांसारखं दिसू लागलं. मग ते न पसरता, पात्राच्या कलानं थोडं तिरकं ठेवलं. बारीक नावं निव्वळ काळ्या शाईत ठेवली. दोन-तीन शाया मिसळून झालेला रंग छापताना केसभर सरकला तरी बारीक अक्षराच्या कडा फाटतात.

नाव ठिपक्याच्या उजवीकडे किंचित वर ठेवावं, हा नकाशाकारांचा जुना पायंडा आहे. पण मांडवीला चारही दिशांनी रस्ते येऊन मिळतात. तिथे नाव दोन रस्त्यांच्या मधल्या मोकळ्या कोपऱ्यात बसवलं. पाणीगेट, गेंडीगेट आणि चांपानेर दरवाजा यांची नावं कोटाच्या बाहेरच्या अंगाला लिहिली, म्हणजे आतली गर्दी हलकी झाली. लहरीपुऱ्याला ते जमेना, कारण बाहेर लगेच न्यायमंदिर आणि सूरसागर. ते नाव डावीकडे वर नेलं आणि त्याच्याजवळच्या एका गल्लीचं नाव काढून टाकलं. त्या गल्लीतून आमची वाट जातच नव्हती.

छापायला देण्याआधी पूर्ण आकाराची एक प्रत काढून संध्याकाळी भाच्याला मांडवीपाशी उभं केलं आणि मी मागून चालले. तो तांबेकर वाड्यापाशी एकदा थबकला, कारण पाचवा आकडा नेमका वळणावर पडला होता. तो सात मिलिमीटर पुढे सरकवला आणि फाइल छापखान्यात पाठवली.