वहीतला तिसरा रकाना

पुण्यातील एका जिममध्ये मी गेली 11 वर्षे प्रशिक्षक म्हणून काम करतो. जूनमधल्या एका संध्याकाळी एका मॅडमनी आपली व्यायामाची वही माझ्यापुढे उघडून ठेवली. त्या एका कार्यालयात हिशेबनीस आहेत आणि दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर बसतात. फेब्रुवारीत त्या आल्या तेव्हा त्यांच्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे पोटाभोवतीची चरबी आणि दुसरी म्हणजे दुपारी चारनंतर आखडणारी मान व पुढे झुकलेले खांदे. त्यांचे वजन तेव्हा 74 किलो होते आणि त्या दिवशी ते 68 भरले. “सर, बघा, सहाच्या जागी बारा,” असे म्हणत त्यांनी असिस्टेड पुल-अपच्या नोंदीवर बोट ठेवले. मलाही आनंद झाला, पण त्याच पानावरची सीटेड केबल रोची ओळ मला खटकली. तिथे फेब्रुवारीतही 25 किलोवर दहा रेप्स, म्हणजे दहा आवर्तने होती आणि जूनमध्येही तेच.

दोन्ही व्यायाम पाठीचे आहेत. पुल-अपमध्ये आपण शरीर वर ओढतो आणि रोमध्ये बसून केबलचा दांडा पोटाकडे ओढतो, एवढाच फरक. खेचण्याची ताकद खरोखर दुपटीने वाढली असती, तर रोमध्ये तिचा काहीतरी मागमूस दिसायला हवा होता. मग मी वहीच्या समासात वजाबाकी मांडली.

असिस्टेड पुल-अप मशीनमध्ये गुडघे एका गादीवर टेकतात आणि त्या गादीला मागच्या प्लेट्सचे वजन खालून वर रेटत असते. म्हणजे पिन जितक्या जड प्लेटला लावाल तितकी मदत जास्त. इतर बहुतेक यंत्रांच्या नेमके उलटे हे गणित असल्याने नवीन माणसे आकडा वाढला की प्रगती झाली असे समजतात. मॅडमनी ती चूक केली नव्हती. त्यांची पिन साडेचार महिने 45 वरच होती, कारण “आकडा तोच ठेवा, रेप्स वाढवा” असे मीच सांगितले होते. फेब्रुवारीत 74 मधून 45 वजा जाता त्यांना ढोबळमानाने 29 किलो ओढावे लागत होते. जूनमध्ये 68 मधून तेच 45 गेले आणि उरले 23. यंत्रातली मदत तीच राहिली, पण शरीर हलके झाल्यामुळे व्यायामच पाचव्या हिश्श्याने सोपा झाला होता. बारा रेप्समागे थोडा सराव होता हे खरे, पण बराचसा वाटा त्या सहा किलोंचा होता. वजन कमी करणाऱ्या माणसाला सूचना देताना हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. रोच्या प्लेट्सना आपल्या वजनाशी काही देणेघेणे नसते, म्हणूनच त्या ओळीने खरे सांगितले.

इथे एक सावधगिरी सांगतो. प्रत्येक यंत्राची पुली आणि घर्षण वेगळे असते, त्यामुळे प्लेटवरचे किलो हे काट्यावरचे किलो नव्हेत. ही वजाबाकी एकाच यंत्रावरच्या आपल्याच नोंदी ताडून पाहण्यापुरती धरावी. रबरी बँडवर तर ती अजिबात चालत नाही, कारण बँड खाली, पूर्ण ताणलेला असताना, सर्वाधिक मदत करतो आणि हनुवटी दांड्याजवळ येईपर्यंत ढिला पडतो.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांना मी सांगितले की आहार कमी असताना रोवरची ताकद जागच्या जागी टिकली, हेही थोडके नाही, कारण घटलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असता तर हा आकडा बहुधा खाली आला असता. त्यांचे सहा किलो मुख्यतः ताटातल्या बदलामुळे उतरले होते. पाठीचा व्यायाम केल्याने पाठीवरचीच चरबी झडते असे काही नसते. मात्र बोलता बोलता कळले की गेले महिनाभर त्या रात्री फक्त ताक पिऊन झोपत होत्या. त्या जेवणात मी उसळ आणि पनीर परत आणायला सांगितले.

मग त्यांची रो पाहिली. त्या दांडा ओढत होत्या, पण प्रत्येक वेळी खांदे कानांकडे चढत होते, कोपरे धडाच्या बरीच मागे जात होती आणि शेवटच्या क्षणी खांद्याचा पुढचा भाग पुढे घरंगळत होता. म्हणजे जी सवय मोडण्यासाठी त्या आल्या होत्या, तिचाच सराव आठवड्यातून तीनदा चालला होता. मी त्यांच्या परवानगीने खांद्याच्या दोन पात्यांमध्ये दोन बोटे टेकवली आणि आधी पाती बोटांकडे आणायची, मग कोपर वाकवायचे, कोपर बरगड्यांच्या रेषेपाशी आले की थांबून “एक, दोन” मोजायचे, असे सांगितले. तशा पद्धतीने 25 किलोवर सहाव्या रेपला मान ताठरली. पिन 20 वर आणली तेव्हा दहा रेप्स नीट झाले, आणि पात्यांनी माझी बोटे अक्षरशः चिमटीत धरली. परत जाताना मात्र पाती पुढे सरकू द्यायची, ती घट्ट आवळून ठेवायची नाहीत, हेही सांगावे लागले.

पुल-अपची पिन 40 वर आणली. सुरुवातीला हात सरळ ठेवून फक्त खांदे कानांपासून खाली ओढायचे, असे पाच वेळा करून घेतले, कारण पुल-अपची पहिली चार बोटे तिथेच असतात आणि घाईत तीच वगळली जातात. उतरताना तीन सेकंद घ्यायला सांगितले. बाराऐवजी सात रेप्स झाले. हा सात मला त्या बारापेक्षा जास्त आवडला, त्यांना अर्थातच नाही.

मानेबद्दल मी त्यांना फार आशा दाखवली नाही. आठवड्याचे तीन तास रो मारून पंचेचाळीस तासांचे बसणे पुसले जात नाही, आणि अगदी ताठ बसूनही तासन्‌तास हललो नाही तर आखडायला होतेच. लॅपटॉप फायलींच्या गठ्ठ्यावर चढवून वेगळा कीबोर्ड घेणे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठणे, हे त्यांनी त्याच आठवड्यात केले. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असता, तर मी व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे पाठवले असते, पण तसे काही नव्हते.

ऑगस्टमध्ये त्या 66 वर आल्या आणि पिन 35 वर. त्या दिवशी सेट संपल्यावर त्यांनी घाम पुसण्याआधी वही उघडली. वजन आणि पिन यांच्या शेजारी त्यांनी स्वतः आखलेला तिसरा रकाना होता, “ओढलेले”. त्यात फेब्रुवारीचे 29 होते, जूनचे 23 होते, आणि त्याखाली त्यांनी 31 लिहिले. समोर रेप्स होते सहा, फेब्रुवारीत होते तेवढेच.