साडीमालिकेची नोंद : सहा छायाचित्रे, एक रंग

वडगावच्या आमच्या विणकर मामांच्या साड्यांसाठी सहा छायाचित्रांची जाहिरातमालिका चालू आहे. कोडॅक पोर्ट्रा 400 ची दोन रिळे संपली. मीटर मी 200 वर ठेवला, म्हणजे फिल्मला एक स्टॉप जास्त प्रकाश दिला, आणि धुलाई मात्र नेहमीच्याच वेळेची करून घेतली. कलर निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश सोसते. कमी पडला तर सावल्या मळकट होतात आणि दाणा उठतो.

खरी अडचण स्कॅनमध्ये आली. एकाच रिळावर, एकाच सोप्यात, पंधरा मिनिटांच्या आत काढलेल्या दोन चित्रांत मागची चुन्याची भिंत वेगवेगळ्या रंगाची निघाली. कुंकवी साडीने चौकट भरली होती तिथे भिंत हिरवट-निळसर, तर हळदी साडीमागे ती निळी झाली. स्कॅनरची आपोआप होणारी दुरुस्ती प्रत्येक चौकटीची रंगसरासरी काढून ती करड्याकडे ओढते. त्यामुळे जो रंग जास्त, त्याच्या उलट छटा सगळीकडे पसरते. साडी बदलली की भिंत बदलणार, मग मालिका एका हाताची कशी वाटेल?

म्हणून ही दुरुस्ती बंद करून दोन्ही रिळे एकाच सेटिंगवर पुन्हा स्कॅन करून घेतली. सुदैवाने उजेड बदलला की पहिल्या चौकटीत 18 टक्क्यांचे करडे कार्ड धरण्याची सवय होती. त्या कार्डावर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे 118 च्या आसपास समान आणले आणि तीच दुरुस्ती त्या उजेडातल्या सर्व चौकटींना जशीच्या तशी लावली. भिंत जुळली.

रूप त्यानंतर चढवले. सहाही चित्रांना एकच टोन कर्व्ह दिला : काळ्याचे टोक 0 वरून 16 वर उचलले, पांढऱ्याचे 255 वरून 244 वर उतरवले आणि मधला उतार किंचित उभा केला. त्यामुळे मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट टिकून काठाची वीण स्पष्ट राहिली आणि सावल्या मऊ झाल्या. हा कर्व्ह आधी लावला असता तर भिंतीचा फरक अधिकच उठून दिसला असता.

मागच्या माळ्यातील चित्र मात्र जुळत नाही. तिथे ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र आहेत. ट्यूबची हिरवट झाक काढली की खिडकीकडची बाजू गुलाबी होते, आणि एका दुरुस्तीने दोन्ही सुटत नाहीत. मामांनी रविवारी माग बंद असताना ट्यूब घालवण्यास होकार दिला आहे. तिपाईवर कॅमेरा ठेवून, फक्त खिडकीच्या उजेडात, हे चित्र पुन्हा घेईन. पहिल्या चौकटीत अर्थातच करडे कार्ड असेल.