तिमाहीचं टार्गेट हुकलं, तेव्हा भागीदारांना पाठवलेला मेमो

आमच्या फर्ममध्ये आम्ही तिघे भागीदार. पॅकिंगची मशीन बनवायची, बसवून द्यायची आणि नंतर त्यांची देखभाल करायची, हा धंदा. रोजचा कारभार माझ्याकडे असल्यामुळे दुसऱ्या तिमाहीचं टार्गेट हुकल्यावर बाकीच्या दोघांना मेमो लिहायचं काम माझ्याकडेच आलं. समजायला सोपं जावं म्हणून त्या तिमाहीचं टार्गेट 100 धरतो. प्रत्यक्षात बिलं निघाली 82 ची.

पहिल्या मसुद्यात मी कारणं लिहिली होती: बाजार मंद, ग्राहक निर्णय घेत नाहीत, स्पर्धा वाढली. वाचून पाहिलं तर त्यातल्या एकाही वाक्यापुढे आकडा नव्हता. असला मेमो दर तिमाहीत तारीख बदलून पाठवता येईल. तो बाजूला ठेवला आणि 18 ची तूट कुठून आली, ते बिलांच्या रजिस्टरवरून काढायला बसलो.

तुटीचे तीन तुकडे निघाले. दोन मोठी मशीन तयार होऊन गोडाऊनमध्ये उभी होती. ग्राहकाने मशीन चालवून बघून इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही केल्याशिवाय आम्ही बिल काढत नाही, आणि ग्राहकाकडे अजून मशीनखालचं फाउंडेशनच ओतलेलं नव्हतं. तिथे गेले 10. देखभालीचे काही वार्षिक करार नूतनीकरण न होता संपले, त्याचे 5. उरलेले 3 तिमाहीच्या शेवटी ऑर्डर ओढण्यासाठी दिलेल्या सवलतीत गेले.

तिन्ही तुकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवले की सारखेच दिसतात. पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. मशीनचे 10 पुढे ढकलले गेलेत, बुडालेले नाहीत. अर्थात हे नुसतं म्हणून चालत नाही. दोन्ही ऑर्डरवर सही आहे का, ॲडव्हान्स जमा झालाय का आणि साइट कधी तयार होणार याचं ग्राहकाकडून लेखी आलंय का, हे तिन्ही तपासलं. होतं, म्हणूनच मी 'लांबलेलं' असं लिहिलं. यातलं एक जरी नसतं तर ती रक्कम 'गेलेली' या रकान्यात टाकली असती.

करारांचे 5 मात्र दिसायला लहान आणि प्रत्यक्षात जास्त त्रासाचे. ते उत्पन्न दर तिमाहीला येत होतं. म्हणजे ही तूट तिसऱ्या तिमाहीतही 5 ची आणि चौथ्यातही 5 ची.

आता भरपाईचा प्लॅन. एका भागीदाराचा फोन आला, "पुढच्या तिमाहीत 105 आहेत ना, त्यात हे 18 मिळवा आणि 123 करा." कागदावर बेरीज बरोबर आहे. पण आमची बसवणारी टीम तिमाहीत जास्तीत जास्त 8 मोठी मशीन बसवते. तिसऱ्या तिमाहीत 7 आधीच ठरलेली होती. लांबलेली 2 आली की 9, म्हणजे एक मशीन आपोआप चौथ्या तिमाहीत जाणार. एका मशीनचे 5 धरतो आम्ही.

म्हणून मेमोत हिशोब असा मांडला. तिसऱ्या तिमाहीचे मूळ 105, त्यात लांबलेल्या मशीनचे 10 आले, पुढे सरकलेल्या मशीनचे 5 गेले आणि करारांचे 5 गेले. सवलत बंद केली, पण आधी दिलेली कोटेशन पाळावी लागणार, त्याचे आणखी 2 गेले. उरले 103. चौथ्या तिमाहीचे मूळ 115. सरकलेल्या मशीनचे 5 येतात, करारांचे 5 जातात, म्हणून ते 115 च राहतात. म्हणजे लांबलेले 10 पूर्ण वसूल करूनही वर्षाअखेर आपण 20 ने मागे असू. तूट 18 ची आणि भरपाईनंतर 20 ची, हे वाचून कोणीही दचकेल. म्हणून हेच वाक्य मी मेमोच्या पहिल्या परिच्छेदात घेतलं. शेवटच्या पानावर सापडलं असतं तर लपवल्यासारखं वाटलं असतं.

गेलेले करार परत मिळवायचे प्रयत्न चालू आहेत, पण त्यांचा एक पैसाही प्लॅनमध्ये धरला नाही. आला तर तो वरचा.

दुसऱ्या भागीदाराने विचारलं, "हे तिमाही संपल्यावरच का कळावं?" प्रश्न रास्त होता. आम्ही बघत होतो बिलं, आणि बिल ही सगळ्यात शेवटची गोष्ट. आता दर सोमवारी तिघांनाही दोन आकडे जातात: सही झालेल्या पण साइट तयार नसलेल्या ऑर्डर किती, आणि पुढच्या 90 दिवसांत संपणारे करार किती. मेमोत एक अटही घातली. तिसऱ्या तिमाहीच्या सहाव्या आठवड्यापर्यंत लांबलेल्या दोन मशीनपैकी एकाच्याही रिपोर्टवर सही झाली नाही, तर नवी भरती थांबेल आणि तिघांची उचलही निम्मी होईल.

दोघांनी बाकी सगळं मान्य केलं. उचलीच्या अटीवर मात्र एकाने सहाऐवजी आठ आठवडे मागितले. शेवटी सातवर जमलं.