आमची वाटचाल: फोंड्यातलं बुटीक आणि नव्या मास्तरांचा शोध

आमची सुरुवात फॉल-पिकोनं झाली. फोंड्याला घराच्या ओसरीवर दोन मशीनं होती आणि शेजारपाजारच्या बायका साड्या आणून देत. मग ब्लाऊज आले, त्यापाठोपाठ कुर्ते, आणि बाजारात गाळा घेतला तेव्हा शिवणारे हात वाढवावे लागले. बुटीकला खरा आकार आला तो मात्र मास्तर आले तेव्हा. माप घेणं, कटिंग आणि ट्रायल ही तीन कामं एकाच माणसाच्या हातात गेली आणि गिऱ्हाईक परत परत फिटिंगला येणं बंद झालं. आता मास्तर वयामुळे गावी परततायत. त्यांची जागा भरायची आहे.

आमच्याकडे बायकांचेच कपडे शिवले जातात. अस्तराचे प्रिन्सेस कट आणि कटोरी ब्लाऊज सगळ्यात जास्त, चवथीआधी आणि लग्नसराईत तर तेच. त्याखालोखाल कुर्ता-सलवार. तिसरं काम आमच्या जिव्हाळ्याचं: कुणबी साडीच्या चौकड्यांच्या सुती कापडाचे ब्लाऊज आणि वन-पीस. वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी पुन्हा लोकांसमोर आणली, आणि आता लग्नाच्या आदल्या दिवसासाठीही मुली ते कापड मागतात. लग्नाचे गाऊन आम्ही शिवत नाही, त्यामुळे ज्यांचा हात मुख्यतः गाऊनवर बसलाय त्यांना इथे पुरेसं काम मिळणार नाही.

निवड नमुना शिवून घेऊनच होईल. आम्ही चौकड्यांचं सुती कापड, अस्तर आणि समोर उभी असलेली एक व्यक्ती देऊ. माप तुम्हीच घ्यायचं आणि बाहीचा प्रिन्सेस कट ब्लाऊज शिवायचा. घाई नाही, अख्खा दिवस तुमचा.

कात्री लावायच्या आधीच बरंच कळतं. कापड भिजवलंय का, हे विचारणारे मास्तर आम्हाला हवेत. सुती कापड आणि अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आटतात. दोन्ही आधी भिजवून वाळवले नाहीत, तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडतं आणि वरच्या कापडाला शिवणीजवळ चुण्या पडतात. मग उसवण्यावाचून इलाज नसतो. चौकडीचं कापड घडी घालून दोन्ही पदर एकदम कापले आणि खालची रेघ जराशी सरकली, की बाजूच्या शिवणीत आडव्या रेघा जुळत नाहीत. म्हणून टाचण्या लावून रेघेवर रेघ बसवणारा हात आम्ही शोधतोय. बाजूला इंचभर मार्जिन हवंच. वर्षभरानं ब्लाऊज सैल करायला तेच उपयोगी पडतं.

सगळ्यात जास्त लक्ष आम्ही मुंढ्याकडे देतो. बगलेत काचतं अशी तक्रार आली की अनेक जण मुंढा खाली उतरवतात, आणि तिथेच फसतात. मुंढा खोल झाला की हात वर करताना बाही अख्ख्या ब्लाऊजला घेऊन वर चढते, कंबर उघडी पडते. आमच्याकडे आलेल्या एका ताईंच्या नमुन्यात नेमकं हेच झालं. छाती 36, ब्लाऊज उभ्यानं सुरेख बसला होता, पण हात वर केला आणि खालची कड दोन बोटं वर गेली. त्यांनी खांदा उसवला, मुंढ्याची गोलाई अर्धा इंच वर घेतली, बाही पुन्हा लावली आणि पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जरा आत कोरला. दुसऱ्या ट्रायलला कड जागची हलली नाही. पहिल्या वेळी चुकलं याचं आम्हाला काहीच वाटलं नाही. दोष कुठे आहे ते त्यांनी स्वतः ओळखलं, हे महत्त्वाचं. घर दूर पडत असल्यानं त्या रुजू होऊ शकल्या नाहीत, याची हळहळ आजही वाटते.

पगाराबद्दल स्पष्ट सांगते. माप, कटिंग आणि ट्रायलसाठी महिन्याला 30 हजार ठरलेले. स्वतः मशीनवर बसून शिवलेल्या नगांची मजुरी वेगळी: अस्तराच्या प्रिन्सेस कट ब्लाऊजला 350, साध्या कुर्त्याला 250. कटिंग आम्ही नगावर देत नाही, कारण नगावर कापणारा माणूस साहजिकच घाई करतो आणि चुकून कापलेलं कापड परत जोडता येत नाही. गिऱ्हाइकाची साडी असेल तर विचारूच नका. हुक-काज, पायपिंग आणि ओव्हरलॉकला दोन मुली आहेत, ते काम मास्तरांवर येत नाही. चवथीच्या आधीच्या महिन्यात उशिरापर्यंत थांबावं लागतं, त्या तासांचे पैसे वेगळे मिळतात.

नमुन्याचा ब्लाऊज कसाही झाला तरी त्याची 350 रुपये मजुरी त्याच संध्याकाळी हातात देऊ. येताना आपली कात्री आणि टेप घेऊन या, आणि जमल्यास तुम्ही शिवलेला, निदान दोनदा धुतलेला एखादा ब्लाऊजही आणा. आम्ही तो आतून उलटा करून बघू.